खाते बंद झाले तेव्हा : एका स्क्रीनशॉटची आणि एका नम्र अर्जाची गोष्ट



२०२४ च्या डिसेंबरची ३ तारीख. सहा डिसेंबर तीन दिवसांवर आलेला. चैत्यभूमीवरच्या पुस्तकांच्या स्टॉलची तयारी चालू असतानाच आमच्या अभ्यासवर्गाच्या व्हॉट्सॲप गटात एका कार्यकर्त्याने एक चित्र टाकले. खाली तीनच शब्द होते, "आपले चॅनल गेले." चित्र म्हणजे मोबाईलच्या पडद्याचा स्क्रीनशॉट. लाल पट्टी, इंग्रजी मजकूर, आणि वर ठळक अक्षरांत `Your account has been locked`.

पुढच्या तासाभरात गटात जे झाले ते तुमच्याही गटात होत असेल. "हा मनुवाद्यांचा डाव आहे", "सगळ्यांनी मिळून रिपोर्ट केले असणार", "उद्या निषेधाचे निवेदन काढू", "कंपनीवर ॲट्रॉसिटी लावा". शंभराच्या वर संदेश आले. पण त्या स्क्रीनशॉटवर नेमके काय लिहिले आहे, हे शेवटच्या ओळीपर्यंत एकानेही वाचले नव्हते. आम्ही पण नव्हते. हे कबूल केल्याशिवाय पुढचे लिहिण्यात अर्थ नाही.

त्या खात्यात काय होते ते आधी सांगतो. चार वर्षांतली व्याख्याने होती, जयंतीच्या मिरवणुका होत्या. ते गेले असते तरी पुन्हा काही ना काही उभे राहिले असते. पण १९५६ साली नागपूरला दीक्षेच्या दिवशी स्वतः हजर असलेल्या आमच्या भागातल्या एका आजींची पावणेदोन तासांची मुलाखतही त्यातच होती. आजी आता नाहीत. ज्या मोबाईलवर ती मुलाखत घेतली तो केव्हाच बिघडून भंगारात गेला. दुसरी प्रत कुणाकडेच नव्हती. इतिहास आमच्याकडून हिरावला गेला म्हणून आपण रोज बोलतो, आणि आमच्या हातातला इतिहास आम्ही एका परदेशी कंपनीच्या एकाच कप्प्यात ठेवून मोकळे झालो होतो.

कंपनीचे नाव येथे घेत नाही. हीच गोष्ट कुठल्याही कंपनीबाबत घडू शकते.

रात्री आम्ही चौघे बसलो आणि तो स्क्रीनशॉट ओळीने वाचायला घेतला. पहिली अडचण अशी की तो अर्धाच होता. पाठवणाऱ्याने लाल पट्टी तेवढी कापून पाठवली होती. वर खात्याचे नाव असते ते गेले, खाली प्रकरणाचा क्रमांक असतो तोही गेला. शिवाय व्हॉट्सॲपने चित्र दाबून लहान केल्यामुळे बारीक अक्षरे पुसट झाली होती. आम्ही त्याला पुन्हा पूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट घ्यायला लावला. खालचा मजकूर एका पडद्यात मावत नव्हता म्हणून दुसराही घेतला आणि दोन्ही फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून मागवले. तेव्हा कुठे अक्षर लागले.

दुसरी शंका, ही सूचना खरी आहे का? खाते बंद झाल्याच्या खोट्या सूचना आता इतक्या येतात की आधी हे तपासावेच लागते. आम्ही ईमेलमधल्या दुव्यावर बोट ठेवले नाही. थेट ॲप उघडून आत गेलो. तिथेही तीच लाल पट्टी दिसली, म्हणजे सूचना खरी होती. ही खबरदारी किती गरजेची होती ते दुसऱ्या दिवशी कळले. आमच्या एका उत्साही मित्राने तो स्क्रीनशॉट उघडपणे समाजमाध्यमावर टाकला, त्यात खात्याचा ईमेल दिसत होता. दोन तासांत एक गृहस्थ "जय भीम सर" म्हणत इनबॉक्समध्ये हजर. कंपनीत ओळख आहे, खाते उघडून देतो, फक्त मोबाईलवर येणारा ओटीपी सांगा आणि अडीच हजार रुपये पाठवा. जय भीम म्हणणारा प्रत्येक जण आपला नसतो, हे चळवळीत आपल्याला ठाऊक आहे. इंटरनेटवरही तेच.

मग मजकूर. "खाते बंद" हे आपण एकाच अर्थाने म्हणतो, पण सूचनेत शब्द `locked` होता. कुलूप लागलेले, म्हणजे आतला माल जागेवर आहे आणि चौकशीनंतर दार उघडू शकते. `Suspended` म्हणजे निलंबित आणि `terminated` म्हणजे कायमचे संपवलेले. प्रत्येक कंपनी हे शब्द थोड्या वेगळ्या अर्थाने वापरते, म्हणून आपल्या सूचनेत जो शब्द आहे तोच अर्जात वापरायचा. आमच्या पहिल्या मसुद्यात आम्ही खाते "डिलीट केले" असे लिहिले होते. ते वाचून समोरच्याने भलतेच प्रकरण शोधायला घेतले असते.

कारणाच्या जागी `Hate speech` होते. द्वेषमूलक भाषा! आमच्या चॅनलवर! हे वाचल्यावर एका मित्राने टेबलावर हात आपटला. राग खराच होता. पण कुठला व्हिडिओ, ते त्याच्याच खाली दिले होते. आदल्या रात्री टाकलेला. जातिवाचक शिवीगाळीच्या एका जुन्या खटल्यातली फिर्याद आमच्या एका वकील मित्राने वाचून दाखवली होती आणि अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ मधले कलम कसे लागते ते समजावले होते. आता या कायद्याची गंमत पाहा. सर्वांसमोर जातीच्या नावाने शिवीगाळ केली हा गुन्हा सिद्ध करायचा तर फिर्यादीत ती शिवी जशीच्या तशी आलेली बरी. पोलीस "जातीवरून बोलले" एवढेच मोघम लिहितात आणि पुढे प्रकरण ढिले पडते, म्हणून तर आपण कार्यकर्ते ठाण्यात बसून नेमके शब्द लिहून घेतो. कोर्टात जो शब्द पुरावा, तोच शब्द यंत्राच्या लेखी गुन्हा. शिवी देणारा कोण आणि शिवी खाल्लेला कोण, हे त्याला शब्दावरून कळत नाही.

पण येथे आमचीही चूक होती. व्हिडिओच्या शीर्षकात आम्ही तीच शिवी अवतरणचिन्हांत घातली होती, लोकांचे लक्ष जावे म्हणून. मुखचित्रावरही मोठ्या अक्षरांत तीच. खाली वर्णनाची जागा कोरी. म्हणजे व्हिडिओ न पाहता फक्त शीर्षक वाचणाऱ्या यंत्राला किंवा माणसाला काय दिसले? एक जातिवाचक शिवी, तिच्यापुढे उद्गारचिन्ह. आम्हाला हे मान्य करायला अर्धी रात्र गेली.

आणि सगळ्यात महाग पडली असती ती तारीख. सूचनेच्या तळाशी `Deadline to appeal: 01/02/2025` असे होते. गटातल्या सगळ्यांनी ती १ फेब्रुवारी अशी वाचली. दोन महिने आहेत, सहा डिसेंबर होऊ द्या, मग बघू, असे ठरतही होते. आमच्यातली एक मुलगी अमेरिकन कंपनीच्या कामाच्या कॉल सेंटरवर तीन वर्षे होती. ती म्हणाली, "दादा, हे लोक आधी महिना लिहितात. ही २ जानेवारी आहे." आम्ही मोजून पाहिले. सूचनेवरची वेळ होती 3 डिसेंबर, 03:17 UTC. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे आपल्याकडचे सकाळचे ८ वाजून ४७ मिनिटे. ३ डिसेंबरपासून तीस दिवस मोजले की येते २ जानेवारी. ती बरोबर होती. आम्ही फेब्रुवारीच्या भरवशावर राहिलो असतो तर आजींची मुलाखत महिनाभर आधीच हातची गेली असती.

आता अर्ज. पहिला मसुदा आमच्या सर्वात ज्येष्ठ मित्राने लिहिला. पूर्ण दोन पाने. सुरुवात हजारो वर्षांच्या गुलामीपासून, मध्ये संविधानाचे कलम १९, शेवटी "अन्यथा तीव्र आंदोलन छेडले जाईल". तहसील कचेरीपुढे हे निवेदन चालले असते. पण वाचणारा कोण आहे याचा विचार करा. तो मनिलात असेल, डब्लिनमध्ये असेल, कदाचित आपल्याच हैदराबादेत रात्रपाळीला बसलेला असेल. त्याच्यासमोर अशा अर्जांची रांग आहे. त्याने खाते बंद केलेले नाही, बहुधा यंत्राने केले आहे. त्याला मनुस्मृती माहीत नाही, सहा डिसेंबर माहीत नाही. त्याला एवढेच ठरवायचे आहे की हा व्हिडिओ नियमात बसतो की नाही. ते ठरवायला लागणारी माहिती पहिल्या चार ओळींत दिली नाही तर तो ठराविक उत्तर चिकटवून पुढच्या अर्जाकडे जाणार.

यावर आमच्यात भांडण झाले. तरुण मित्रांचे म्हणणे, आम्ही विनवण्या का करायच्या? चूक त्यांची आणि "कृपया" आम्ही म्हणायचे? हा प्रश्न हलक्यात घेण्यासारखा नाही. पण नम्र अर्ज म्हणजे लाचारी, हे आमच्या इतिहासाला धरून नाही. १९१० साली पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी दख्खनच्या महारांच्या परिषदेतर्फे लंडनला, भारतमंत्री अर्ल ऑफ क्रू यांना, इंग्रजीतून अर्ज पाठवला होता. लष्करात आणि पोलिसात आमच्या लोकांना पुन्हा घ्या, ही मागणी. समुद्रापारच्या, आपल्याला कधीही न पाहिलेल्या अधिकाऱ्याला लिहिलेला तो अर्ज अत्यंत अदबीचा आहे, आणि त्यात एकही मागणी सोडलेली नाही. लगेच काही मिळाले नाही. १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली, १९२१ ला ती मोडली, आणि महार रेजिमेंट यायला १९४१ उजाडले. पुढे बाबासाहेबांनी १९१९ ला साउथबरो समितीपुढे आणि १९२८ ला सायमन कमिशनपुढे निवेदने दिली, तीही वाचणाऱ्याच्या भाषेत, त्याला नाकारता येणार नाहीत अशा मुद्द्यांनी भरलेली. अदब शब्दांत ठेवायची, मागणीत नाही. या वाक्यावर शेवटी तरुण मित्र तयार झाले, थोडे कुरकुरतच.

दुसरा मसुदा आधी मराठीत केला, मग त्या कॉल सेंटरवाल्या ताईने इंग्रजीत घेतला. मराठी असा होता :

"नमस्कार. आमचे खाते ३ डिसेंबर २०२४ रोजी 03:17 UTC या वेळी बंद झाल्याची सूचना मिळाली. खात्याचे नाव आणि प्रकरणाचा क्रमांक खाली दिला आहे, सूचनेचे दोन पूर्ण स्क्रीनशॉट सोबत आहेत. सूचनेत द्वेषमूलक भाषा हे कारण दिले आहे आणि २ डिसेंबरच्या एका व्हिडिओचा उल्लेख आहे. त्या व्हिडिओत एक वकील जातीय अत्याचाराच्या खटल्यातील पोलीस तक्रार वाचून दाखवतात. ३ मिनिटे १० सेकंदांवर येणारा शब्द हा पीडित व्यक्तीला दिलेली शिवी आहे, आणि लगेच पुढे, ३ मिनिटे ४० सेकंदांपासून, अशी शिवी देणे भारतात गुन्हा का आहे ते वकील समजावतात. व्हिडिओ त्या शब्दाचा निषेध करतो. मात्र शीर्षकात आम्ही तो शब्द संदर्भाशिवाय वापरला, त्यामुळे गैरसमज होऊ शकतो हे आम्हाला मान्य आहे, खाते उघडताच शीर्षक आणि मुखचित्र बदलू. कृपया मराठी जाणणाऱ्या व्यक्तीकडून या निर्णयाचा फेरविचार व्हावा ही विनंती. खात्यात एका दिवंगत ज्येष्ठ महिलेची मुलाखत आहे जिची दुसरी प्रत नाही, म्हणून फेरविचार होईपर्यंत कोणतीही सामग्री काढून टाकू नये. आपल्या वेळेबद्दल आभार."

बस्स, एवढेच. यातली मिनिटे-सेकंदांची ओळ आमच्या मते सर्वात कामाची. तासाभराचा मराठी व्हिडिओ तो माणूस पाहणार नाही, पण अर्ध्या मिनिटाचा तुकडा पाहील किंवा कुणाला तरी दाखवील. निषेध म्हणून किंवा शिक्षण म्हणून उद्धृत केलेल्या द्वेषमूलक शब्दाला मोठ्या कंपन्यांच्या नियमावलीत बहुधा सूट असते, फक्त तो हेतू स्पष्ट दिसला पाहिजे ही अट असते. आणि यूट्यूब काय, मेटा काय, यांच्या द्वेषविरोधी नियमांत धर्म, वंश यांच्या जोडीने जात हा शब्द आहे. म्हणजे जो नियम आमच्या विरोधात लावला गेला तो मुळात आमच्याच संरक्षणाचा नियम. अर्जात त्याच नियमाचा आधार घ्यायचा असतो.

इंग्रजी करताना ताईने बऱ्याच गोष्टी खोडल्या. आपल्या सरकारी इंग्रजीतले "काइंडली डू द नीडफुल" काढले, कारण बाहेरच्या माणसाला त्यातून नेमके काय करायचे ते कळत नाही. "एफआयआर" च्या जागी पोलिसांकडे नोंदवलेली तक्रार असे सरळ लिहिले. "एससी" ही अक्षरेही उलगडून लिहिली. आणि स्क्रीनशॉट जोडला असला तरी त्यातला प्रकरणाचा क्रमांक मजकुरात पुन्हा टाईप केला. चित्रातला आकडा त्यांच्या यंत्राला शोधता येईलच असे नाही, टाईप केलेला येतो.

४ डिसेंबरला अर्ज ॲपमधल्या `Request a review` या बटणावरून गेला. पाच मिनिटांत पोच आली, ती यंत्राचीच. सहा डिसेंबरचे थेट प्रक्षेपण बुडाले. ९ तारखेला उत्तर आले, दोन ओळींचे, की तपासणीनंतर निर्णय कायम आहे. खाली सही म्हणून एक पहिले नाव. येथे बहुतेक लोक सोडून देतात किंवा नवा अर्ज टाकतात. नवा अर्ज म्हणजे नवा क्रमांक, नवी रांग, आणि आधीचे सगळे सांगणे वाया. आम्ही त्याच उत्तराला उत्तर दिले. त्या व्यक्तीला नावाने संबोधून, आभार मानून, एकच प्रश्न विचारला : ३ मिनिटे १० सेकंद ते ४ मिनिटे हा भाग मराठी जाणणाऱ्या व्यक्तीने पाहिला का, आणि पाहिला असल्यास नियमातील कोणत्या ओळीचा भंग झाला ते कळवाल का?

दुसऱ्या बाजूने, १० तारखेला, भारतातला दरवाजा ठोठावला. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमणे बंधनकारक आहे, आणि ५० लाखांच्या वर नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यम कंपनीचा हा अधिकारी भारतात राहणारा असावा लागतो. त्याचे नाव-पत्ता संकेतस्थळावर अगदी तळाशी, बारीक अक्षरांत असतो. त्या वेळच्या नियमाप्रमाणे पोच २४ तासांत आणि निकाल १५ दिवसांत द्यायचा होता. त्याच्यावरही समाधान झाले नाही तर ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाईन अपील करता येते. समिती सरकारने नेमलेली आहे, तेव्हा आपल्या प्रकरणात ती किती निःपक्ष राहील याची आम्ही हमी देत नाही. पण दार आहे आणि फी नाही. तिथेही आम्ही तोच मजकूर, तोच क्रमांक, तेच स्क्रीनशॉट दिले, एक शब्दही वेगळा नाही. दोन ठिकाणी दोन हकिकती गेल्या की दोन्हीकडे संशय येतो.

१४ तारखेला दुपारी खाते उघडले. कशामुळे उघडले ते आजही सांगता येत नाही, पत्रामुळे की अधिकाऱ्यामुळे. उत्तरात "चुकून झाले" असेही नव्हते आणि माफी तर नव्हतीच. तो व्हिडिओ मात्र परत मिळाला नाही. तो काढलेलाच राहिला, आणि खात्यावर एक ताकीदही तशीच राहिली. त्यावर आम्ही वेगळे अपील केले, ते फेटाळले गेले. वकील मित्राने तोच भाग पुन्हा रेकॉर्ड केला. या वेळी शीर्षकात कायद्याचे नाव होते आणि वर्णनात पहिल्याच ओळीत हा व्हिडिओ कशासाठी आहे ते लिहिले होते. फिर्याद वाचताना शिवी मात्र तीच ठेवली. ती बदलायला आम्ही तयार नव्हतो, कारण तो शब्द आम्ही शोधलेला नाही. हा दुसरा व्हिडिओ आजपर्यंत तरी जागेवर आहे.

खाते उघडल्याच्या त्याच दुपारी सगळी सामग्री उतरवून घ्यायला लावली. सेटिंगमध्ये आपल्या डेटाची प्रत मागवायची सोय असते. मोठी फाईल तयार व्हायला रात्र गेली आणि सकाळी दुवा आला. आजींची मुलाखत आता तीन ठिकाणी आहे : एका हार्ड डिस्कवर, ताईच्या लॅपटॉपवर, आणि आजींच्या नातवाकडे पेन ड्राइव्हमध्ये. नातवाला तो द्यायला गेलो तेव्हा त्याने तिथेच टीव्हीला लावला. आजी सांगत होत्या, दीक्षेच्या दिवशी घालायला पांढरे लुगडे नव्हते म्हणून शेजारणीकडून मागून आणले, आणि पावसाळा संपलेला असूनही पायात चिखल होता.

जय भीम.